बँकेचं पत्रक, खेळण्यांचं हँडबिल आणि फॉन्टचा स्वभाव

प्रश्न: बँकेच्या माहितीपत्रकाचा आणि खेळण्यांच्या दुकानाच्या हँडबिलाचा फॉन्ट अदलाबदल केला, तर वाचणाऱ्याच्या विश्वासात खरंच फरक पडतो का? की हे डिझायनर मंडळींचं खूळ आहे?

उत्तर:

पडतो, पण डिझायनर सांगतात तेवढा नाही आणि बहुतेकदा ते सांगतात त्या कारणानेही नाही. मी पत्रकांची मांडणी करतो, त्यामुळे हा वाद माझ्या रोजच्या कामातला आहे.

आधी अदलाबदल करूनच बघू. ‘आपली ठेव आमच्याकडे सुरक्षित’ हे वाक्य बालू या फॉन्टमध्ये लावा. बालूची अक्षरं जाड, गुबगुबीत, प्रत्येक टोक गोल केलेलं. मग ‘या, खेळा, उड्या मारा!’ हे तिरो देवनागरी मराठीत लावा. याची रेघ बोरूने लिहिल्यासारखी जाड-बारीक होते आणि टोकं तिरकी छाटलेली असतात. दोन्ही वाक्यं व्यवस्थित वाचता येतात, पण पहिलं थट्टेत म्हटल्यासारखं वाटतं आणि दुसरं मुख्याध्यापकांनी काढलेल्या सूचनेसारखं. मजकूर एक बोलतो आणि अक्षराचं वळण दुसरंच, म्हणून वाचणारा क्षणभर अडखळतो. फॉन्टमुळे विश्वास कमी होतो तो मुख्यतः या अडखळण्यातून. म्हणजे बालू बेभरवशाचा आणि तिरो भरवशाचा असं काही नसतं. खेळण्यांच्या हँडबिलावर बालूच जास्त विश्वासार्ह ठरतो, कारण तिथे तो शोभतो.

‘बँक म्हणजे सेरिफ’, म्हणजे अक्षरांच्या टोकांना छोट्या रेघा असलेला फॉन्ट, हा नियम कुणी ऐकवला तर फार मनावर घेऊ नका. एक तर देवनागरीत रोमनसारखे सेरिफ नसतात. ते काम रेघेची जाड-बारीक आणि टोकांची छाटणी करते. दुसरं म्हणजे पत्रकाच्या मथळ्यावर जेवढा खल होतो, त्याच्या दहाव्या हिश्शाएवढाही व्याजदराच्या तक्त्यावर होत नाही, आणि बँकेवरचा भरवसा टिकतो किंवा जातो तो तिथे.

जॉर्जियाचं उदाहरण घ्या. फॉन्ट घरंदाज, परिच्छेदात सुरेख दिसणारा. पण त्याचे अंक जुन्या पद्धतीचे आहेत, सगळे एका उंचीचे नाहीत. ३, ४, ५, ७, ९ हे ओळीच्या खाली उतरतात, ६ आणि ८ वर जातात, ०, १, २ बुटके राहतात. (मी इंग्रजी अंकांबद्दल बोलतोय.) आता तक्त्यात एकाखाली एक ७.२५, ६.८०, ७.१० असे दर लावा. ७.२५ मधला सात खाली लोंबतो, दोन बुटका राहतो, पाच पुन्हा खाली जातो. लगेच खालच्या ओळीत सहा आणि आठ डोकं वर काढतात. वाक्यात हेच अंक लोभस दिसतात, तक्त्यात मात्र स्तंभ हलतोय असं वाटतं.

त्यात फॉन्टमधल्या अंकांची रुंदी वेगवेगळी असेल, म्हणजे एक अरुंद आणि आठ रुंद, तर दशांशचिन्हंही एका रेषेत येत नाहीत. ग्राहक यातलं काही बोलून दाखवणार नाही. त्याला एवढंच वाटेल की हिशोब घाईत टाकलाय. उपाय सोपा आहे: सारख्या उंचीचे आणि सारख्या रुंदीचे अंक वापरायचे. बऱ्याच चांगल्या फॉन्टमध्ये ते आत दडलेले असतात, मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘टॅब्युलर लायनिंग’ हा पर्याय निवडावा लागतो. तपासायचं तर दशांशचिन्हांच्या बाजूने पट्टी उभी धरा, दोन मिनिटांत कळतं.

बारीक अक्षरांतल्या अटी ही दुसरी जागा. मथळा ऐसपैस आणि मुदतपूर्व पैसे काढण्याची अट सहा पॉइंटमध्ये, तीही फिक्या करड्या रंगात असेल, तर फॉन्ट कितीही खानदानी असो, लोक समजायचं ते समजतात.

यामागे एक जाणून घेण्यासारखा प्रयोग आहे. २००८ मध्ये सॉंग आणि श्वार्ट्झ या मानसशास्त्रज्ञांनी व्यायामाच्या त्याच सूचना काहींना एरियलमध्ये दिल्या, काहींना कुंचल्याने लिहिल्यासारख्या दिसणाऱ्या फॉन्टमध्ये. एरियलवाल्यांना व्यायामाला सुमारे ८ मिनिटं लागतील असं वाटलं, दुसऱ्यांना सुमारे १५. वाचायला पडलेले कष्ट लोकांनी नकळत कामाच्याच माथी मारले. हेच खातं उघडण्याच्या पायऱ्यांना लावून बघा.

आता खेळण्यांचं हँडबिल. मथळ्यात अक्षरं उड्या मारोत, एखादी वेलांटी पतंगासारखी जावो, तिथे सगळं माफ आहे. फसतात ती हाताने लिहिल्यासारखी दिसणारी अक्षरं. ‘काकांकडे कागदी कासव’ असं काही लावलं की प्रत्येक ‘क’ तंतोतंत सारखा, त्याच जागी तोच बाक. माणसाचा हात असं कधी लिहीत नाही, म्हणून जिव्हाळ्याचा आव लगेच उघडा पडतो. एकाच अक्षराची दोन-तीन रूपं आलटून पालटून येणारे फॉन्ट असतात ते घ्यावेत, नाहीतर मथळा खरोखरच हाताने लिहून स्कॅन करावा. मी दुसरं पसंत करतो.

याच हँडबिलावर एक ओळ अशी असते की तिने खेळता कामा नये. ‘लहान सुटे भाग आहेत, ३ वर्षांखालील मुलांसाठी नाही’ ही ती ओळ. ती मुक्तासारख्या साध्या, सरळ फॉन्टमध्ये, शांत पार्श्वभूमीवर हवी. बालूच्या सगळ्यात जाड वजनात ती बारीक लावली की अक्षरांच्या पोटातली पोकळी शाईने भरते आणि अंक अडखळत वाचावा लागतो. शिवाय आईवडील हँडबिल उलटून नेमकं हेच शोधत असतात. तेही हसऱ्या अक्षरांत दिसलं, तर दुकानदाराने ते मनावर घेतलेलं नाही असा अर्थ निघतो. दोन फॉन्ट लागलेच तर लागू द्या.

परिणाम किती मोठा, तर छोटा. २०१२ मध्ये चित्रपट दिग्दर्शक एरल मॉरिस यांनी न्यूयॉर्क टाइम्सच्या वाचकांना एक उतारा सहा वेगवेगळ्या फॉन्टमध्ये दाखवून त्यातलं विधान पटतं का, असं विचारलं. सुमारे ४५,००० उत्तरं आली. बास्करव्हिलमध्ये वाचणाऱ्यांना विधान किंचित जास्त पटलं, फरक दीडेक टक्क्याचा. त्याच वर्षी सर्न या युरोपातल्या संशोधन केंद्रात हिग्ज बोसॉन या मूलकणाचा शोध जाहीर करताना एका सादरीकरणात कॉमिक सॅन्स हा बालिश वाटणारा फॉन्ट होता. लोकांनी फॉन्टची यथेच्छ टिंगल केली, पण शोध मान्य झाला. सांगणाऱ्यावर आधीच भरवसा असेल तर फॉन्टचं फार चालत नाही. अनोळखी बँकेचं पत्रक पहिल्यांदा हातात येतं तेव्हा मात्र वाचणाऱ्याकडे दुसरा आधार कमी असतो, म्हणून तिथे त्याचं वजन वाढतं.

नेमक्या याच कारणाने ठगही हा धडा गिरवतात. बँकेच्या नावाने येणाऱ्या बनावट पत्रात फॉन्ट हुबेहूब तोच असू शकतो, त्याला खर्च काहीच नाही. पत्र खरं की खोटं हे ठरवताना अक्षराचं वळण पुरावा म्हणून धरू नका, बँकेच्या आधीपासून माहीत असलेल्या क्रमांकावर विचारा.

स्वतः पडताळायचं असेल तर एकच मजकूर दोन फॉन्टमध्ये छापा आणि दोन वेगवेगळ्या माणसांना एकेक द्या. ‘आवडला का?’ असं विचारू नका, त्यावर सगळे ‘छान आहे’ म्हणतात. लोगो झाकून ‘हे कोणी छापलं असेल?’ असं विचारा. बँकेचं पत्रक बघून कुणी ‘शिकवणी वर्ग’ किंवा ‘लग्नाचा हॉल’ म्हणालं, तर फॉन्ट बदला.