स्कॅनलाइन भरताना टोकावर रेघ का सुटते?

प्रश्न: खानापूर तालुक्याचा नकाशा स्कॅनलाइनने रंगवतोय. काही ओळींत रंग हद्द ओलांडून थेट उजव्या कडेपर्यंत जातो. एज टेबल बरोबर आहे, मग चुकतंय कुठं?

उत्तर: तुमच्याकडं टोकाचा बिंदू दोनदा मोजला जातोय. (2,1), (8,5), (2,9) हा त्रिकोण घ्या. y=5 ला डावी कड x=2 देते आणि उजव्या टोकाला मिळणाऱ्या दोन्ही कडा x=8 देतात. छेद झाले तीन. 2 ते 8 जोडी जमते, उरलेला 8 एकटा पडतो आणि तिथूनच रेघ सुटते.

सरसकट एक छेद गाळू नका, नाहीतर खालची-वरची टोकं बिघडतील. प्रत्येक कड एवढ्याच ओळींत धरा:

```
ymin <= y < ymax
```

आता y=5 ला पहिली कड संपलेली, दुसरी सुरू; छेद 2 आणि 8. (2,1) ला दोन्ही कडा सुरू होतात म्हणून दोन छेद, (2,9) ला शून्य. आडव्या कडा टेबलात घालूच नका.

क्रम महत्त्वाचा आहे: `y == ymax` झालेल्या कडा आधी काढा, नव्या घाला, x नुसार लावा, मगच भरा. y=9 ची ओळ रिकामी राहील, ते योग्यच आहे. शेजारच्या बेळगाव तालुक्यालाही हाच नियम लावलात की सामाईक हद्दीवर ओळ दोनदा रंगत नाही.