तिकीट हिरवं, दुकान बंद : एस्कलेशन मॅट्रिक्सची प्रश्नोत्तरे

सपोर्टच्या एस्कलेशन मॅट्रिक्सबद्दल जी पत्रं येतात त्यांतला घोळ बहुधा एकाच जागी असतो. कागदावर मिनिटं लिहिलेली असतात, पण ती कधीपासून मोजायची आणि संपत आली की कोणाचा फोन वाजायचा, हे कोणी ठरवलेलंच नसतं. म्हणून काही प्रश्न एकदम घेतो आहे.

रिस्पॉन्स टाइम आणि रिझोल्यूशन टाइम एकच ना? आमचा क्लायंट दोन्ही शब्द सारखेच वापरतो. (विक्रोळी)

नाही. पहिला, माणसाने तिकीट हातात घेईपर्यंतचा. दुसरा, अडचण सुटेपर्यंतचा. करारात दोन्ही वेगळे लिहून घ्या.

तिकीट पडताच ऑटोमॅटिक मेल जातो. तोच पहिला रिस्पॉन्स धरला तर चालेल का? सेल्सवाले म्हणतात, सगळे तसंच करतात. (लोअर परळ)

चालणार नाही. तिकीट वाचून, सेव्हरिटी तपासून माणसाने दिलेलं उत्तर म्हणजे रिस्पॉन्स. सगळे काय करतात ते सेल्सवाल्यांना विचारू नका, तुमच्या करारातल्या व्याख्येत पाहा.

क्लायंट प्रत्येक तिकीट सेव्ह १ म्हणूनच टाकतो, प्रिंटर अडकला तरी. सेव्हरिटी आम्हीच ठरवायची का? (ठाणे)

टाकू त्यांना द्या, तपासा तुम्ही, आणि तेही रिस्पॉन्सच्या वेळेतच. तपासताना दोनच गोष्टी बघायच्या: किती जणांचं काम अडलं आहे, आणि दुसऱ्या वाटेने ते काम आत्ता होऊ शकतं का. सगळ्यांचं अडलं आणि वाट नाही, तर सेव्ह १. वाट आहे पण त्रासाची, तर सेव्ह २. थोड्यांचं अडलं आहे आणि थांबता येतं, तर सेव्ह ३. शंका, रंग, फॉन्ट असल्या गोष्टी सेव्ह ४.

व्याख्या तुमच्या भाषेत लिहू नका, क्लायंटच्या कामाच्या भाषेत लिहा. 'क्रिटिकल मॉड्यूल अनुपलब्ध' यातून कोणालाच काही कळत नाही; 'काउंटरवर बिल निघत नाही' हे रात्रपाळीच्या पोरालाही कळतं. तारखेचंही भान ठेवा. पगाराची फाइल बँकेकडे जात नसेल, तर ती तक्रार ३० तारखेला सेव्ह १ आणि ८ तारखेला सेव्ह ३ असू शकते.

सेव्हरिटी खाली आणायची तर क्लायंटशी बोलून, कारण तिकिटात लिहून आणा. मतभेद असेल तोवर वरच्या सेव्हरिटीचं घड्याळ चालू राहू द्या. तरीही सगळंच सेव्ह १ येत असेल, तर मागच्या तिमाहीची तिकिटं घेऊन त्यांच्या ऑपरेशन्सच्या माणसाबरोबर बसा. हे मेलवर सुटत नाही.

आमच्या मॅट्रिक्समध्ये एसएलए मोडला की मॅनेजरला लगेच मेल जातो. तरी क्लायंट म्हणतो, 'तुमच्याकडे कोणाला पत्ताच नव्हता.' सोबत तिकीट पाठवतो आहे, काय चुकलं? (अंधेरी, एमआयडीसी)

वरातीमागून घोडं, एवढंच चुकलं. पण तुमचं तिकीट उघडून पाहण्यासारखं आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

मिठाईची नऊ दुकानं, शनिवारची संध्याकाळ. ६:०५ ला दादरच्या दुकानातून फोन आला की बिल सेव्ह होत नाही. तिकीट पडलं ६:२० ला, म्हणजे पहिली पंधरा मिनिटं हिशेबातच नाहीत. एल-वनने विषय लिहिला 'बिलिंग स्लो' आणि सेव्हरिटी लावली २. ६:२८ ला त्याने 'बघतो आहे' असं उत्तर दिलं. रिस्पॉन्सचं घड्याळ आठ मिनिटांत थांबलं, डॅशबोर्ड हिरवा. सात वाजता ऑफिस बंद झालं.

आता गंमत बघा. तुमच्याकडे सेव्ह २ ची मुदत आठ तास आहे, पण कामाचे आठ तास. आणि ऑफिस सोमवार ते शनिवार, १० ते ७. शनिवारी घड्याळाने चाळीस मिनिटं मोजली आणि ते झोपलं. रविवार गेला. सोमवारी दहाला ते पुन्हा सुरू झालं. उरलेले सात तास वीस मिनिटं संपणार होती सोमवारी संध्याकाळी ५:२० ला, आणि मॅनेजरला पहिला मेल जाणार होता तेव्हा. तिकीट सुटलं सोमवारी दुपारी ३ ला. तुमच्या रिपोर्टमध्ये ५ तास ४० मिनिटं, एसएलए पाळला. दुकानांच्या गल्ल्यावर जवळजवळ ४५ तास, आणि त्यात अख्खा रविवार.

कारण काय होतं? डेटाबेसचं लॉग वाढून सर्व्हरची डिस्क भरली होती. डेटाबेसवाला माणूस लागला असता तर हे काम लांबलं नसतं. पण एल-वनला सर्व्हरची परवानगी नव्हती आणि परवानगी असलेल्याला उठवायचं कधी, हे मॅट्रिक्समध्ये कुठेच नव्हतं. त्या पोराला दोष देऊ नका. चढायला पायरीच नव्हती.

तुम्ही दोन शिड्यांची एकच शिडी केली आहे. एक शिडी ज्ञानाची: एल-वन, एल-टू, मग डेटाबेस किंवा डेव्हलपर. दुसरी अधिकाराची: शिफ्ट लीड, सपोर्ट मॅनेजर, विभागप्रमुख. डिस्क मोकळी करायला पहिली लागते. रविवारी माणूस बोलवायला, कालची आवृत्ती परत चढवायला किंवा क्लायंटच्या मालकाशी बोलायला दुसरी. मॅनेजरला मेल गेला म्हणून डिस्क रिकामी होत नाही.

आणि दोन्ही शिड्यांची पायरी मुदतीच्या आत हवी, मुदतीनंतर नाही. तुमच्यासारख्यांसाठी मी सेव्ह १ असं मांडेन. घड्याळ पहिल्या फोनपासून, चोवीस तास, सुट्टी धरून. रिस्पॉन्स १५ मिनिटं, काम परत सुरू होणं ४ तासांत. तिकीट ८ मिनिटांत कोणी उचललं नाही तर शिफ्ट लीडला फोन. पहिल्या तासात कारण सापडलं नाही तर एल-टू आलाच पाहिजे, एल-वनला 'अजून थोडं बघतो' म्हणायची मुभा नाही. दोन तासांवर सपोर्ट मॅनेजर, आणि त्याने स्वतः क्लायंटला फोन करायचा. तीन तासांवर विभागप्रमुख, कारण खर्चाचा किंवा मागे फिरण्याचा निर्णय त्याच्याच हातात असतो. दर अर्ध्या तासाला क्लायंटला काय चाललं आहे ते सांगायचं, सांगायला नवीन काही नसलं तरी. चार तास उलटले तेव्हा ही बातमी तुमच्याकडे कोणालाही पहिल्यांदा कळता कामा नये.

फोन म्हणजे फोन. मेल नाही, व्हॉट्सॲप ग्रुप नाही. उचलणाऱ्याने 'मी घेतलं' अशी नोंद करायची. पाच मिनिटांत नोंद नाही तर सिस्टिमने पुढच्याला लावायचा. एल-वनला कोणाची परवानगी मागावी लागता कामा नये. परवानगी मागायची असली की शनिवारी संध्याकाळी कोणी मागत नाही.

तुमच्याकडे अशी आणखी तिकिटं आहेत का, हे जुन्या नोंदींवरून कळतं. पहिल्या उत्तरानंतर लांब शांतता, एसएलए पाळलेला, आणि तरी तिकीट बंद करताना क्लायंटचा शेरा वाईट: असं जिथे दिसेल तिथे हाच प्रकार. हे आकडे मात्र उचलून तसेच चिकटवू नका. तुमचा रोस्टर आणि करार समोर ठेवून, सपोर्ट आणि इंजिनिअरिंग दोघांना बसवून ठरवा.

माहिती मागितली की आम्ही तिकीट 'पेंडिंग कस्टमर'मध्ये टाकतो आणि घड्याळ थांबतं. यात गैर काय? (ऐरोली)

खरंच माहिती अडली असेल तर काही नाही. मुदत संपायच्या पाच मिनिटं आधी 'कृपया स्क्रीनशॉट पाठवा' असा मेल टाकून घड्याळ थांबवणं मात्र लबाडी आहे, आणि ती क्लायंटला दिसते. सेव्ह १ मध्ये घड्याळ थांबवूच नका. माहिती हवी तर फोनवर विचारा. बाकीच्यांत थांबवलेला वेळ रिपोर्टमध्ये वेगळा दाखवा. करारात थांबण्याची अट कशी लिहिली आहे, ते आधी वकिलाकडून वाचून घ्या.

सेल्सने मोठ्या क्लायंटला 'सगळ्या तिकिटांना १५ मिनिटांत रिस्पॉन्स, चोवीस तास' कबूल केलं आहे. आम्ही सहा जण आहोत. जमेल का? (पवई)

सेव्ह १ ला जमेल, सगळ्यांना नाही. आठवड्याचे तास १६८. माणूस ४८ तास धरला तरी एका खुर्चीला साडेतीन माणसं लागतात, सुट्ट्या आणि आजारपण धरलं तर पाच. म्हणजे तुमच्या सहा जणांत कायम भरलेली खुर्ची एकच. रात्री दोन सेव्ह १ एकदम आली तर? वर फॉन्टच्या तक्रारीलाही १५ मिनिटंच दिली, तर तो माणूस नेमका फॉन्टच बघत बसेल. सही झाली नसेल तर थांबवा. झाली असेल तर दंडाचं कलम वाचा आणि सेव्ह ३, ४ ला कामाच्या वेळा लावून घ्यायची बोलणी आजच सुरू करा, पहिला दंड बसायची वाट बघू नका.

डेटा लीक झाल्याचा संशय आला तर ते तिकीट सेव्ह १ मध्येच धरायचं ना? कळवायला ७२ तास मिळतात असं ऐकलं. (बीकेसी)

ऐकीव माहितीवर हा विषय चालवू नका. केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था सर्ट-इन, तिच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे, त्यात नमूद केलेल्या प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून किंवा लक्षात आणून दिल्यापासून ६ तासांत कळवायच्या असतात, आणि त्या यादीत डेटा लीकही आहे. युरोपच्या जीडीपीआरमध्ये ७२ तासांची मुदत आहे, पण त्यामुळे इथले सहा तास वाढत नाहीत. वैयक्तिक माहितीच्या कायद्याखाली आणखी कोणाला, कधी कळवायचं, हे वकिलाला विचारा. बँका आणि विमा कंपन्यांना त्यांच्या नियामकाचे नियम शिवाय आहेतच.

अशा तिकिटाला वेगळी पायरी ठेवा. संशय आला की ते सरळ सुरक्षा-प्रमुखाकडे जावं, एल-वनने खात्री करत बसू नये. वर सांगितलेल्या सेव्ह १ च्या चार तासांच्या मुदतीत सगळ्या पायऱ्या चढून झाल्यावर सुरक्षेवाल्याला कळलं, तर त्याच्या हातात दोनच तास उरतात. सर्व्हरही पुसून किंवा रीस्टार्ट करून मोकळे होऊ नका, पुरावा जातो. अशा घटना हाताळणाऱ्या माणसाचा नंबर आधीच घेऊन ठेवा.

मॅट्रिक्समध्ये माणसांची नावं लिहावीत की पदं? (मुलुंड)

पदं. नावं आणि नंबर रोस्टरमध्ये, आणि तो दर आठवड्याला तपासायचा. क्लायंटच्या बाजूचीही शिडी त्याच कागदावर लिहा: रविवारी रात्री सर्व्हर बंद करायला 'हो' कोण म्हणणार, आणि त्याने फोन उचलला नाही तर कोण. ही दोन पदं क्लायंटकडून लेखी घ्या.