पासबुकाच्या फोटोवरून खर्चाची वर्गवारी आणि वारंवार होणारी कपात

प्रश्न: वडिलांच्या पासबुकाच्या पानांचे फोटो काढून ठेवलेत. पैसे कशाकशावर जातात आणि पुन्हा पुन्हा आपोआप काय कापलं जातं, हे त्यावरून कसं शोधायचं?

उत्तर: वर्गवारीला हात घालण्याआधी फोटोतले आकडे बरोबर उतरलेत याची खात्री करा. पासबुकाची छपाई बहुधा फिकट असते, ३ आणि ८, १ आणि ७ सारखेच दिसतात आणि पानाच्या घडीजवळची ओळ फोटोत सहज दबते. ही चूक पकडायचं साधन पासबुकातच छापलेलं असतं, ते म्हणजे शिल्लक रकमेचा रकाना.

एक्सेलमध्ये पाच रकाने करा: तारीख, तपशील, काढलेली रक्कम, जमा, शिल्लक. सहाव्या रकान्यात, तिसऱ्या ओळीपासून खाली, हे सूत्र ओढा:

```
=ROUND(E2-C3+D3-E3,2)
```

प्रत्येक ओळीत शून्य यायला हवं. (स्टेटमेंटमध्ये ताजा व्यवहार सर्वांत वर असेल तर आधी ओळी उलट्या क्रमाने लावून घ्या, नाहीतर प्रत्येक ओळ चुकीची दिसेल.) शून्य आलं नाही तर आलेला फरकच बरंच सांगतो. समजा पानावर असं आहे:

```
02-06  UPI/DR/...      640.00   18,412.30
05-06  NACH-DR       2,150.00   16,262.30
05-06  ATM WDL       3,000.00   13,262.30
09-06  SMS CHRG         17.70   13,244.60
```

दुसऱ्या ओळीत, म्हणजे आपोआप कापल्या जाणाऱ्या NACH हप्त्यात, तुम्ही २,१५० ऐवजी २,५१० लिहिलंत, तर फरक उणे ३६० येतो. त्याला ९ ने पूर्ण भाग जातो, म्हणजे शेजारचे दोन अंक उलटसुलट झाल्याची दाट शक्यता. फरक ५० किंवा ५०० असा असेल तर बहुतेक एकच अंक चुकीचा वाचला गेलाय, उदाहरणार्थ ८ चा ३. रकमेच्या नेमका दुप्पट असेल तर रक्कम जमेच्या रकान्यात गेली आहे. आणि एटीएमची ओळच सुटली, तर पुढच्या ओळीत नेमका ३,००० चा फरक दिसतो.

आता वर्गवारी. तपशिलातला यूपीआयचा बारा आकडी संदर्भ क्रमांक प्रत्येक व्यवहारात वेगळा असतो. पूर्ण तपशील जुळवत बसलात तर एकाच दुकानाच्या दोन ओळीही जुळणार नाहीत. म्हणून मूळ तपशील तसाच ठेवून सातव्या रकान्यात फक्त घेणाऱ्याचं नाव लिहा, तेही प्रत्येक वेळी एकाच पद्धतीने. वर्ग या नावावरून ठरवा. एटीएममधून काढलेले पैसे 'रोख' म्हणूनच राहू द्या. ते किराण्याला गेले की औषधांना, हे पासबुक सांगू शकत नाही. स्वतःच्याच दुसऱ्या खात्यात वळवलेली रक्कम खर्चात धरू नका.

मग नावानुसार आणि त्याखाली तारखेनुसार ओळी लावा आणि एकाच नावाच्या लागोपाठच्या दोन तारखांमधलं अंतर काढा. २८ ते ३१ दिवस म्हणजे मासिक, ९० च्या आसपास म्हणजे तिमाही. रक्कम सारखी नसली तरी अंतर बघा, कारण वीजबिलासारख्या कपातीत आकडा बदलतो, ठेका तोच राहतो. वार्षिक कपात सापडायला किमान तेरा महिन्यांची पानं लागतात. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे २० रुपये आणि जीवन ज्योतीचे ४३६ रुपये मेअखेरीच्या सुमारास जातात. तेच हप्ते दुसऱ्या बँकेच्या खात्यातूनही जात असतील तर एका ठिकाणचे बंद करा; संरक्षण एकाच खात्यामार्फत मिळतं.

विचित्र पैशांतली रक्कम दिसली की १.१८ ने भागून बघा. १७.७० ला भागलं की सरळ १५ येतात: पंधरा रुपये शुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. २३६ चे २०० होतात. असा गोल आकडा निघाला तर ते बहुधा बँकेचंच शुल्क असतं. तपशिलात RTN किंवा RETURN असेल, म्हणजे हप्ता न वटता परत गेल्याचा तो दंड असेल, तर शुल्कावर न थांबता त्या दिवशीची शिल्लक बघा. हप्त्याच्या तारखेला पैसे कमी पडतात, म्हणून तो दंड परत परत लागतो. यावर तक्रारीपेक्षा हप्त्याची तारीख पेन्शन किंवा पगारानंतरची करून घेणं जास्त उपयोगाचं, असं माझं मत.

एकाच दिवशी तीच रक्कम दोनदा गेली असेल तर मात्र संदर्भ क्रमांक बघा, आणि तो फोटोवरून नको, मूळ पासबुकावरून. क्रमांक वेगळे असतील तर ते दोन स्वतंत्र व्यवहार आहेत. दोन्ही पोहोचले असतील तर जादाचे पैसे घेणाऱ्याकडूनच मागावे लागतील. खात्यातून पैसे गेले पण पुढे पोहोचलेच नाहीत, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ते आपोआप परत यायला हवेत: व्यक्तीला पाठवलेले पुढच्या दिवसापर्यंत, दुकानदाराला दिलेले पाच दिवसांत. उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. म्हणून तक्रार करण्यापूर्वी पुढच्या पाच-सहा दिवसांच्या जमेच्या रकान्यात तीच रक्कम परत आली आहे का, ते तपासा. आली असेल तर दोन्ही ओळी खर्चातून वगळा.