नक्कल, नकली, बनावट : फोटोतल्या घड्याळाला काय म्हणावं?

प्रश्न : "एका फोटोत हुबेहूब रोलेक्ससारखं दिसणारं घड्याळ आहे, पण डायलवर नाव दुसरंच आहे. मी खाली 'डुप्लिकेट रोलेक्स' लिहिलं तर एकाने हटकलं, म्हणाला हे डुप्लिकेट नाही. मग याला मराठीत काय म्हणायचं? नकली, बनावट, कॉपी, फर्स्ट कॉपी, यांत काही फरक आहे का?"

हटकणारा बरोबर आहे. दुसऱ्याचं नाव लावलेलं असेल तर माल बनावट. नुसता घाट सारखा असेल आणि नाव स्वतःचं असेल तर तो 'त्या धाटणीचा' माल. हा भेद मराठीला नवा नाही, पण रोजच्या वापरातले शब्द तो पुसून टाकतात, म्हणून आधी शब्दांकडे बघू.

'नक्कल' हा शब्द मुळात निर्दोष आहे. तहसील कचेरीत आपण सातबाऱ्याची नक्कल मागतो, कोर्टात निकालाच्या नकलेसाठी अर्ज करतो. ती नक्कल शिक्क्यासह मिळते आणि कायदेशीर असते. त्याच शब्दाला 'ई' लागून 'नकली' झालं की अर्थ पालटतो आणि खोटेपणा आत येतो. 'डुप्लिकेट'चंही तसंच. डुप्लिकेट चावी, डुप्लिकेट गुणपत्रिका यांत काही वावगं नाही, पण डुप्लिकेट तेल म्हटलं की कपाळाला आठ्या पडतात. 'बनावट' तर फार पाहण्यासारखा. 'भारतीय बनावटीचं घड्याळ' म्हणजे इथे घडवलेलं, आणि 'बनावट घड्याळ' म्हणजे खोटं. नाम म्हणून तो घडणीविषयी सांगतो, विशेषण म्हणून फसवणुकीविषयी. म्हणून या चर्चेत मी 'बनावट' विशेषण म्हणूनच वापरतो, आणि तेही जपून, कारण तो गुन्ह्याचा आरोप आहे.

खोट्या मालासाठी माझ्या मते सर्वांत नेमका शब्द माणसांसाठी वापरला जातो : तोतया. पानिपतावर १७६१ साली सदाशिवरावभाऊ पडले आणि पुढे एक माणूस 'मीच भाऊ' म्हणत उभा राहिला. त्याने कोकणात बराच गोंधळ घातला, आणि १७७६ साली त्याला देहदंड झाला. भाऊंसारखा चेहरा असणं हा काही गुन्हा नव्हता. 'मी भाऊ आहे' असं सांगून त्या नावावर माणसं आणि किल्ले मिळवायला लागला, तिथे तो तोतया झाला. मालाचंही असंच आहे. चेहरा सारखा असणं आणि नाव लावणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता तुमच्या फोटोकडे येऊ. काळी तबकडी, भोवती काळी फिरती कडी आणि तिच्यावर मिनिटांचे आकडे, तासकाट्यावर तीन भागांत विभागलेलं वर्तुळ, तीनच्या जागी तारीख आणि तिच्यावर छोटं भिंग. ही सगळी रोलेक्सच्या सबमरीनरची ओळखीची ठेवण आहे. ते घड्याळ १९५३ पासूनचं, आणि पाण्यात बुडी मारणाऱ्यांच्या घड्याळाचा हा घाट आज जगभर अनेक कंपन्या वापरतात. इनव्हिक्टाचं प्रो डायव्हर हे त्यातलं प्रसिद्ध उदाहरण. समोरून पाहिलं तर दचकायला होतं. पण बाराच्या खाली इनव्हिक्टा हे नाव आहे आणि घड्याळाच्या डाव्या कडेवर तेच नाव मोठ्या अक्षरांत कोरलेलं आहे. हे घड्याळ वर्षानुवर्षं उघडपणे विकलं जातं. शौकीन लोक अशा घड्याळाला 'होमेज' म्हणतात. त्याला रोलेक्स म्हणून कुणी विकत नाही, मग ते डुप्लिकेट रोलेक्स कसं होईल?

याच घड्याळावर पाच टोकांचा मुकुट आणि रोलेक्स हे नाव असतं तर? मग ते एकतर खरं, नाहीतर बनावट. तिसरी शक्यता उरत नाही. फोटोची मर्यादा नेमकी इथे आहे. 'हे नुसतं त्या धाटणीचं आहे' हे फोटोवरून छातीठोकपणे सांगता येतं, कारण नाव वाचता येतं. पण नाव रोलेक्स असेल तर खरं की खोटं हे फोटोवरून क्वचितच ठरतं. तारखेवरचं भिंग अंक सुमारे अडीचपट मोठा दाखवतं आणि खोट्या घड्याळांत तो बहुधा बारीक दिसतो, एवढी एक खूण कधी कधी हाती लागते. ती दिसली तर संशय घ्यावा. ती दिसली नाही म्हणून घड्याळ खरं ठरत नाही, कारण चांगल्या खोट्या मालात भिंगही बरोबर असतं. पक्कं सांगायला मागचं झाकण उघडून यंत्र पाहावं लागतं. फोटो अंधुक असेल आणि नावच वाचता येत नसेल, तर दोन्ही बाजूंनी गप्प राहणं बरं.

घाट घेतला तर चालतो आणि नाव घेतलं तर का चालत नाही, याचं उत्तर दोन कायद्यांच्या मुदतीत आहे. आपल्याकडे २००० च्या डिझाइन कायद्याप्रमाणे नोंदवलेल्या घाटावरचा हक्क आधी १० वर्षं आणि वाढवून घेतला तर आणखी ५ वर्षं, एवढाच टिकतो. नंतर तो घाट सगळ्यांचा. व्यापारचिन्ह, म्हणजे नाव आणि मुकुटासारखी खूण, दर १० वर्षांनी नूतनीकरण करत कायम राखता येतं. ते खोटेपणाने लावणं हा १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याखाली गुन्हा आहे : ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. एखादं अक्षर बदलून घोटाळा होईल असं नाव लावलं तरी सुटका नाही, फसवं साम्यही त्यात धरलं आहे.

मात्र नाव वेगळं म्हणजे सगळं माफ, असंही समजू नका. काही घाट इतके ओळखीचे होतात की तेच नावाचं काम करू लागतात. मुंबई उच्च न्यायालयापुढे २०११ साली व्होडकाच्या बाटलीचा असा वाद आला होता. गोर्बाचोव्ह कंपनीची बाटली रशियन चर्चच्या कांद्यासारख्या घुमटाच्या आकाराची. दुसऱ्या कंपनीने स्वतःच्या नावाने, पण तशाच आकाराच्या बाटलीत व्होडका आणली, आणि न्यायालयाने तिला मनाई केली. कायद्याच्या इंग्रजीत याला 'पासिंग ऑफ' म्हणतात. मराठीत 'खपवणे' हे क्रियापद त्याला चपखल बसतं : आपला माल दुसऱ्याचा म्हणून खपवणे. पण ते न्यायालयात पुराव्याने ठरतं, फोटो पाहून आपण ठरवायचं नाही.

राहता राहिली 'फर्स्ट कॉपी'. हा बाजाराचा शब्द आहे आणि तो मला खटकतो. 'फर्स्ट'मुळे वाटतं की ही मूळ मालाची पहिली, जवळजवळ अधिकृत प्रत असावी. प्रत्यक्षात त्यावर दुसऱ्याचं नाव आणि चिन्ह असतं, म्हणजे तो सरळ बनावट माल. विकणाऱ्याने 'कॉपी आहे' असं आधीच सांगितलं तरी चिन्ह खोटंच राहतं.

तेव्हा तुमच्या फोटोखाली लिहा : 'सबमरीनरच्या घाटाचं, दुसऱ्या कंपनीचं घड्याळ.' बोलताना 'रोलेक्सच्या धाटणीचं' म्हटलं तरी पुरे.