सही वडिलांची, फ्लॅट मुलाचा. टीडीएस कोणाच्या नावावर?

प्रश्न : कोथरूडला 90 लाखांना जुना फ्लॅट घेत आहे. मालक अमेरिकेत नोकरी करतो, व्यवहार त्याचे वडील कुलमुखत्यारपत्रावर करत आहेत. नोव्हेंबर 2025 मध्ये 5 लाख टोकन वडिलांच्या खात्यावर दिले, तेव्हा टीडीएस कापला नाही. साठेखत डिसेंबरमध्ये आहे. एजंट म्हणतो, सही करणारे वडील पुण्यातच राहतात, त्यांचा पॅन टाकून एक टक्का भरा आणि मोकळे व्हा. तसे करावे का?

उत्तर : करू नका. कुलमुखत्यार दस्तावर सही करतो, पण विकणारा मालकच राहतो. भांडवली नफा मुलाचा, त्यावरचा कर मुलाचा, म्हणून पॅनही मुलाचाच हवा. वडिलांच्या पॅनवर भरलेली रक्कम वडिलांच्या 26AS या कर-नोंदीच्या पत्रकात दिसेल आणि मुलाच्या खात्यात कापलेला कर शून्य राहील.

खरी अडचण मात्र पॅनच्या पुढची आहे. एक टक्क्याचा नियम, म्हणजे कलम 194-आयए आणि फॉर्म 26QB, फक्त निवासी विक्रेत्यासाठी आहे. विक्रेता अनिवासी असेल तर कलम 195 लागते. निवासी की अनिवासी हे मालकावरून ठरते, वडिलांवरून नाही. विक्रीच्या आर्थिक वर्षात तो भारतात किती दिवस राहिला, हे पाहायचे असते. त्याच्याकडून लेखी घोषणा, पासपोर्टच्या प्रती आणि गेल्या वर्षीचे विवरणपत्र मागून घ्या.

तो अनिवासी निघाला, तर दोन वर्षांहून अधिक काळ धरलेल्या घरावर दर 12.5 टक्के. रक्कम 50 लाखांच्या वर आणि एक कोटीपर्यंत असल्याने त्यावर 10 टक्के अधिभार आणि मग 4 टक्के उपकर, असे मिळून 14.3 टक्के होतात. पूर्ण किमतीवर कापले तर 12 लाख 87 हजार. एजंटच्या सल्ल्याने भरले असते 90 हजार. मधल्या फरकासाठी प्राप्तिकर खाते तुम्हाला कसूरदार ठरवू शकते आणि त्यावर व्याजही लावते. एजंटला काही होत नाही.

कायद्यात कर नफ्यावर आहे, पण नफा किती हे खरेदीदाराने स्वतः ठरवण्याच्या भानगडीत पडू नये. त्यासाठी मालकाने फॉर्म 13 भरून कमी कपातीचा दाखला काढावा. समजा त्याने फ्लॅट 2012 मध्ये 48 लाखांना घेतला होता. नफा 42 लाख. त्याला इथे दुसरे उत्पन्न नसेल तर अधिभार लागत नाही आणि 13 टक्क्यांनी कर 5 लाख 46 हजार होतो. म्हणजे दाखल्यामुळे त्याचे सात लाखांहून अधिक पैसे परताव्यासाठी अडकून राहत नाहीत. वडिलांना हा हिशेब दाखवला की ते स्वतःच घाई करतील.

इथे क्रम चुकतो तो असा : अर्जात तुमचा टॅन, म्हणजे कर कापणाऱ्याचा खाते क्रमांक, लागतो, आणि खरेदीदार टॅन शेवटी काढायला जातो. फॉर्म 49B भरून तो आजच काढा. दाखल्याला काही आठवडे लागू शकतात, आणि तो मिळण्याआधी दिलेल्या रकमांना लागू होत नाही. म्हणून साठेखतात स्पष्ट लिहा की मोठी रक्कम आणि बँकेचे कर्ज दाखला आल्यावरच दिले जाईल. ठरलेल्या तारखेपर्यंत तो आला नाही तर पूर्ण किमतीवर 14.3 टक्के कापले जातील. बँकेलाही हे आधी कळवा, नाहीतर बँक कर्जाची पूर्ण रक्कम विक्रेत्याला देऊन टाकते आणि कापायला काही उरत नाही.

टोकनवर दाखला चालणार नाही. 5 लाखांवर 71,500 रुपये कर होतो. तो डिसेंबरच्या पहिल्या हप्त्यातून वळता करून घ्या. उशिराचे व्याज महिन्याला एक टक्का असून महिन्याचा भागही पूर्ण महिना धरतात, म्हणून दोन महिन्यांचे 1,430 रुपये तुमच्या खिशातून जातील. डिसेंबरमध्ये कापलेला कर 7 जानेवारीपर्यंत चलन 281 ने भरायचा, आणि त्या तिमाहीचे विवरणपत्र 27Q मध्ये 31 जानेवारीपर्यंत. 27Q ला उशीर झाला तर रोज 200 रुपये शुल्क लागते. ते भरल्यावर मालकाच्या नावाचा फॉर्म 16A द्या.

पुढचे पैसे वडिलांच्या खात्यात नकोत. ते मालकाच्या एनआरओ, म्हणजे अनिवासींसाठीच्या भारतातील बँक खात्यातच जाऊ द्या. कुलमुखत्यारपत्र अमेरिकेत केले असेल तर त्यावर तिथल्या नोटरीची सही आणि अपोस्टील, किंवा भारतीय दूतावासाचे प्रमाणन आहे का, ते भारतात आल्यावर तीन महिन्यांत इथले मुद्रांक शुल्क भरले का, आणि त्यात विक्रीचा व साठेखत-खरेदीखत नोंदवण्याचा अधिकार स्पष्ट लिहिला आहे का, हे मूळ प्रत हातात घेऊन तपासा. मालकाचा मृत्यू झाला किंवा त्याने अधिकार रद्द केला तर हे पत्र संपते. त्यामुळे नोंदणीच्या आदल्या दिवशी मालकाशी व्हिडिओ कॉलवर बोला आणि पत्र अजून अमलात असल्याचा ईमेल त्याच्याकडून मागवून ठेवा.