आकृती गायब, प्रश्न शिल्लक: वृत्तालेख परत उभा करता येतो का?

प्रश्न: जुन्या सरावसंचाची पीडीएफ मिळाली, त्यात माहितीच्या विश्लेषणाचे प्रश्न आहेत पण वर लिहिलंय 'खालील वृत्तालेखाचे निरीक्षण करा' आणि खाली वृत्तालेखच नाही. पर्याय आहेत, शेवटी उत्तरतालिका पण आहे. हे प्रश्न सुटतील का, की सरळ सोडून देऊ?

उत्तरतालिका नसती तर सोडून द्या म्हटलं असतं. ती आहे म्हणून थोडं काम करता येईल, पण त्या कामाला 'प्रश्न सोडवणं' म्हणता येणार नाही. त्यात आपण उत्तरांवरून आकृतीकडे उलटं जातो.

त्याआधी एक बघून घ्या. संच आयोगाच्या प्रश्नपत्रिकेवरून घेतलेला असेल तर मूळ पत्रिका आणि उत्तरतालिका आयोगाच्या संकेतस्थळावर शोधा, तिथे आकृतीसकट मिळायची शक्यता बरीच. बँकेच्या परीक्षांचे 'आठवणीतले' पेपर असतील तर मात्र मूळ शोधत बसू नका. ते परीक्षा देऊन आलेल्यांच्या सांगण्यावरून जुळवलेले असतात.

आता माझ्यावर आलेला प्रसंग सांगतो. अभ्यासिकेत एकाच्या झेरॉक्समध्ये वृत्तालेखाच्या जागी नुसता काळा डाग होता. एका कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाची विभागणी, आणि खाली हे पाच प्रश्न. कंसात तालिकेतलं उत्तर देतो.

१. अन्न आणि घरभाडे यांवरील खर्चाचे गुणोत्तर? (३:२)
२. शिक्षणाच्या वर्तुळपाकळीचा केंद्रीय कोन? (७२°)
३. उत्पन्न ४५,००० रुपये असल्यास प्रवासखर्च? (४,५०० रुपये)
४. बचत ही शिक्षणखर्चाच्या किती टक्के? (७५%)
५. अन्नावरील खर्च घरभाड्यापेक्षा किती टक्क्यांनी जास्त? (३३⅓%)

वृत्तालेखाचा मोठा फायदा हा की सगळ्या पाकळ्यांची बेरीज ३६०° किंवा १०० टक्के असते. हे एक समीकरण आपल्याला आयतं मिळतं. प्रत्येक टक्क्याला ३.६°, म्हणून ७२° म्हणजे शिक्षण २० टक्के. ४५,००० पैकी ४,५०० म्हणजे प्रवास १० टक्के. २० चे ७५ टक्के म्हणजे बचत १५ टक्के. झाले ४५. उरलेले ५५ अन्न आणि भाड्यात ३:२ ने वाटले की ३३ आणि २२. बेरीज शंभर, म्हणून आम्ही खूश.

पण ३३ टक्क्यांचा कोन काढला तर ११८.८° येतो, आणि २२ चा ७९.२°. इथे थांबायला हवं होतं. ज्या संचात कोन विचारलाय, तिथे पेपर काढणारा माणूस बहुतेक वेळा पूर्ण अंशात बसणाऱ्या टक्केवाऱ्या घेतो, म्हणजे पाचाच्या पटीतल्या: १८°, ३६°, ५४°, ७२°, १०८°. ११८.८° दिसला की समजायचं, एखादी पाकळी अशी आहे जिच्यावर एकही प्रश्न विचारलेला नाही. किती पाकळ्या होत्या हे प्रश्नांवरून कळत नाही. आम्ही पाच गृहीत धरल्या, कारण नावं पाचच आली होती.

मग चुकीचे पर्याय बघितले. दुसऱ्या प्रश्नाचे पर्याय ३६°, ५४°, ७२°, १०८°. तिसऱ्याचे २,२५०, ४,५००, ६,७५० आणि १३,५०० रुपये. चुकीचे पर्याय अनेकदा त्याच आकृतीतल्या शेजारच्या पाकळीचे असतात, म्हणजे घाईत भलतीकडे नजर गेली की विद्यार्थी तिथे फसावा. ३६° हा प्रवास, ५४° ही बचत. मग १०८° कोणाचा? ३० टक्क्यांचा. आणि ४५,००० मध्ये १३,५०० किती टक्के? तेही ३०. दोन वेगवेगळ्या प्रश्नांतले पर्याय एकाच आकड्याकडे बोट दाखवतात. अन्न ३० धरलं तर भाडं २०, एकूण ९५, आणि उरले ५. आणि २,२५० रुपये म्हणजे बरोबर ५ टक्के! मी तिथल्या तिथे 'इतर ५%' लिहून मोकळा झालो.

पण हे दर वेळी चालेल असं समजू नका. पर्याय समान फरकाने चढत असतील (३०°, ४५°, ६०°, ७५° असे), तर त्यांना आकृतीशी देणंघेणं नसतं. ते नुसते ओळीने लावलेले असतात.

पाचवा प्रश्न बघा. तो पहिल्याचीच पुनरावृत्ती आहे, नवी माहिती काहीच देत नाही. पण तपासणीला तोच कामाला येतो. अन्न ३ आणि भाडं २ असेल तर अन्न ५० टक्क्यांनी जास्त. तालिका म्हणते ३३⅓. दोन्ही उत्तरं एकाच वेळी बरोबर असू शकत नाहीत. चुकीचं कोणतं? ३३⅓ खरं मानलं तर गुणोत्तर ४:३ हवं, आणि पहिल्या प्रश्नाच्या पर्यायांत ४:३ नव्हतंच. पाचव्याच्या पर्यायांत मात्र ५० आणि ३३⅓ दोन्ही होते. म्हणजे तालिका करणाऱ्याने पाया बदलला: भाडं अन्नापेक्षा ३३⅓ टक्क्यांनी कमी, हे त्याने 'जास्त'च्या जागी लिहिलं. उत्तरतालिकेवरून आकृती उभी करताना अशी एक चूक आत शिरली की पुढचं सगळं घर वाकडं, म्हणून एकच गोष्ट दोनदा विचारणारा प्रश्न मिळाला तर तो आधी पकडा.

स्तंभालेखाचं याहून अवघड आहे. तिथे १०० टक्क्यांसारखी बांधलेली बेरीज नसते. '२०१८ च्या तुलनेत २०१९ ची वाढ २५%' आणि '२०१९ व २०२० चे गुणोत्तर ५:४' यांवरून स्तंभांची उंची ४, ५, ४ अशी मिळते, पण ४ म्हणजे ४०० टन की ४,००० हे ठरवायला कुठल्या तरी प्रश्नात एक खरा आकडा हवा. तो नसेल तर अक्षावरची मापं कोरीच राहतात. आणि 'किती वर्षांत उत्पादन सरासरीपेक्षा जास्त होते?' याचं उत्तर '३' असं कळून काहीच हाती लागत नाही, ३ येणारे असंख्य आलेख काढता येतील.

सरावाचं म्हणाल तर उभ्या केलेल्या आकृतीवर तेच पाच प्रश्न पुन्हा सोडवून बरोबर आले म्हणून गुण मोजू नका. ते बरोबर येणारच, आकृती त्यांच्यातूनच केलीय. त्या आकृतीवर तुम्ही स्वतः तीन नवे प्रश्न काढा, पर्यायांसकट, आणि सोबत अभ्यास करणाऱ्याला द्या. चुकीचे पर्याय सुचवायला बसलात की वर सांगितलेली शेजारच्या पाकळीची युक्ती लगेच लक्षात येईल.

त्या झेरॉक्सचं पुढे काय झालं तेही सांगतो. महिनाभराने एकीकडे मूळ पुस्तिका मिळाली. अन्न ३०, भाडं २०, शिक्षण २०, बचत १५, प्रवास १०, सगळं जुळलं. फक्त माझी 'इतर ५%' पाकळी तिथे नव्हती. औषधपाणी ३% आणि करमणूक २%, अशा दोन बारीक पाकळ्या होत्या. आणि २,२५० हा पर्याय बहुधा नुसता ४,५०० चा निम्मा होता.