घरी शाडूच्या गणेशमूर्ती करून विकायच्या असतील तर उंचीनुसार दर आणि ऑर्डरच्या तारखा कशा ठरवायच्या?

प्रश्न : पुढच्या गणपतीला घरीच शाडूच्या ६, ९ आणि १२ इंची मूर्ती करून विकायचा विचार आहे. माती किती लागेल, ऑर्डर कधीपर्यंत घ्यायच्या आणि आकारानुसार दर कसा लावायचा? इंचाला ठरावीक रुपये धरले तर चालेल का?

उत्तर :

इंचावर दर लावू नका. उंची दुप्पट झाली की माती दुप्पट नाही, आठपट लागते. ९ इंची भरीव मूर्तीला साधारण तीन किलो ओली माती जाते. तीच मूर्ती ६ इंचांत केली तर एक किलोच्या आतच होते, आणि १२ इंचांत सात किलोंवर जाते. डोळ्यांच्या आखणीला मात्र तिन्ही मूर्तींना जवळपास तितकाच वेळ लागतो, उलट लहान मूर्तीवर हात जास्त जपून चालवावा लागतो. म्हणून छोटी मूर्ती वाटते तितकी स्वस्त पडत नाही आणि मोठी आपण धरतो त्यापेक्षा महाग पडते.

खरा फरक पडतो तो वाळण्यात. शाडू वाळताना साधारण पाच ते सात टक्के आकसतो, त्यामुळे १२ इंच भरायला हवी असेल तर ओली मूर्ती पावणेतेरा इंच करा. ऑर्डर घेताना उंची पाटासकट की पाटाशिवाय हेही लिहून घ्या, कारण गिऱ्हाईक मखराचं माप घेऊन आलेलं असतं.

माती भिजवताना किलोभर कोरड्या पावडरीला पाव लिटरपासून सुरुवात करा आणि लागेल तसं पाणी वाढवा. ओल्या सुती कापडाखाली रात्रभर मुरू द्या आणि दुसऱ्या दिवशी चांगली तिंबा. अंगठ्याएवढी जाड वळी करून वाकवून बघा. वाकवल्यावर भेगाळली तर पाणी कमी आहे, तळव्याला चिकटली तर जास्त. सोंड आणि बोटांसाठी घेतलेल्या मातीत पिंजलेला कापूस थोडा थोडा मळून घातला की ते भाग सहसा तुटत नाहीत. आत लोखंडी तार घालू नका. तार आकसत नाही, माती आकसते, आणि तारेच्या रेषेवरच तडा जातो. शिवाय विसर्जनानंतर बादलीत तार उरते ती वेगळीच.

बहुतेक तडे तीन ठिकाणी जातात. एक, सोंड किंवा हात जिथे जोडला तिथे. धड सुकत आलेलं असताना ओला हात चिकटवला तर जोड उघडणारच. दोन्ही बाजू खरवडून, शाडूची पातळ राबडी लावून, सारख्याच ओलाव्याचे भाग जोडा. दोन, पातळ भागांवर. कान आणि बोटं आधी वाळतात, पोट ओलंच असतं. म्हणून पहिले तीन-चार दिवस पातळ भागांवर ओलसर कापड किंवा प्लास्टिक टाका आणि पंख्याचा थेट झोत टाळा. तीन, तळाला, आणि इथे फार कमी जणांचं लक्ष जातं. मूर्ती फळीला चिकटून वाळली की तळाला आकसायला जागा उरत नाही आणि खालून वर चीर चढते. फळीवर कोरड्या वाळूचा पातळ थर पसरून त्यावर कागद घाला, म्हणजे मूर्ती त्यावर सरकत सरकत आकसेल.

१२ इंची मूर्ती भरीव ठेवू नका. माती चामड्यासारखी घट्ट झाली की तळातून कोरून काढा आणि भिंत इंचभर जाड ठेवा. दोन किलो माती परत मिळते, मूर्ती सारखी वाळते आणि विरघळतेही लवकर.

वाळलेल्या मूर्तीला चीर दिसली तर ओला शाडू भरू नका, तो स्वतः आकसून पुन्हा चीर दाखवतो. त्याच मूर्तीचा कोरडा भुगा, डिंकाचं पाणी आणि कापूस यांची घट्ट लापशी करा, चीर जराशी ओलावून ती आत दाबा.

मूर्ती वाळली का हे डोळ्यांनी ठरवू नका. रंग फिका पडला तरी पोटात ओल असते. तळ गालाला लावून बघा, गार लागला तर ओल आहे. त्याहून खात्रीचं म्हणजे रोज वजन करा. दोन दिवस वजन हललं नाही तरच रंगाला घ्या. ओल्यावर रंग दिला तर पापुद्रे निघतात आणि पावसाळी हवेत बुरशी धरते. आधी खडू पावडर आणि डिंकाचा पातळ हात द्या, मग गेरू, हळद किंवा पाण्यातले रंग. ब्रश एकाच जागी घासत राहिलात तर खालची कच्ची माती सुटून येते. हळदीचा रंग उजेडात उडतो, म्हणून पितांबर शेवटच्या आठवड्यातच रंगवा. ऑइल पेंट आणि वॉर्निश अजिबात नको, माती पाण्यात सुटायला हवी.

आता तारखा. अधिक ज्येष्ठामुळे २०२६ची चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे, तिथून उलटं मोजा. पावसाळ्यात १२ इंची मूर्ती वाळायला तीन आठवडे धरा, ९ इंचीला दोन, ६ इंचीला दहा दिवस. रंग आणि आखणीला पाच-सहा दिवस, वर आठवडाभर राखीव. म्हणजे १२ इंचीचं मातीकाम ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात संपायलाच हवं. फेटा, उंदराची जागा, सोंडेची दिशा असे बदल माती ओली असतानाच होतात, म्हणून त्यांची ऑर्डर जुलैअखेर बंद करा. नुसत्या रंगाची निवड ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत चालेल. दर दहा ऑर्डरींमागे एक मूर्ती जास्तीची करा. बुकिंग झालेली मूर्ती आयत्या वेळी भंगली तर गिऱ्हाइकाला नाही म्हणायची सोय नसते. अर्धी रक्कम आगाऊ घ्या आणि चिठ्ठीवर उंची, सोंड, पितांबराचा रंग, न्यायचा दिवस आणि वेळ लिहा.

दराचा हिशेब ९ इंचीवर करून बघू. समजा, माती घरात येईपर्यंत किलोला २० रुपये पडली आणि तुमच्या तासाचे १२० धरले. सव्वादोन किलो कोरडी माती ४५, रंग-डिंक ६०, खोका आणि कागद ५०, साच्यातून काढणं, फिनिशिंग आणि रंगकाम मिळून पाच तासांचे ६००. एकूण ७५५. दहातली एक मूर्ती वाया जाणार, म्हणून याला ९ने भागून १०ने गुणा : सुमारे ८४०. त्यावर १५ टक्के नफा धरला की ९६५, म्हणजे ९५० रुपये सांगा. याच रीतीने, रंग आणि खोक्याचा खर्च आकाराप्रमाणे कमीजास्त धरून, ६ इंचीला साडेतीन तास धरले तर ६५० येतात, आणि पोकळ १२ इंचीला आठ तास धरले तर १५५०. इंचाला शंभर म्हटलं असतं तर ६ इंचीवर ५० आणि १२ इंचीवर ३५० रुपये पदरचे गेले असते.

तुमच्याकडचे मातीचे आणि खोक्याचे भाव यात घाला, पण तासांचा आकडा अंदाजाने टाकू नका. प्रत्येक आकाराची एक मूर्ती पूर्ण करून घड्याळ लावा, मगच दर जाहीर करा. त्यातली ६ इंची मूर्ती पूर्ण वाळल्यावर बादलीत सोडून बघा. कोरडा शाडू ओलसर शाडूपेक्षा लवकर सुटतो. काही तासांत तळाला गाळ बसला नाही, तर रंगाचा थर जाड झालाय किंवा मातीत शाडूखेरीज काही मिसळलंय असं समजा, आणि त्या गोणीतली माती ऑर्डरच्या मूर्तींना वापरू नका.